९० वॅटचा हिशेब: दोन टेस्टवरून ट्रान्सफॉर्मरचं इक्विव्हॅलंट सर्किट आणि एफिशियन्सी

ट्रान्सफॉर्मरला पूर्ण लोड लावायचा, इनपुट आणि आउटपुट मोजायचं आणि भागाकार करायचा, ही एफिशियन्सी काढण्याची सगळ्यात सरळ वाट वाटते. पण ती फारशी विश्वासाची नाही. समजा इनपुट १६९० वॅट आहे आणि आउटपुट १६०० वॅट, म्हणजे एफिशियन्सी ९४.६७ टक्के. दोन्ही वॅटमीटर फक्त एक टक्क्याने, पण उलट दिशांना चुकले, तर उत्तर ९२.८ टक्के येईल किंवा ९६.६ टक्के. दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या आकड्यांमधला ९० वॅटचा फरक आपण शोधत असतो, आणि मीटरची चूक त्या फरकाच्या एक तृतीयांशाहून जास्त भरते.

तेच ९० वॅट थेट मोजले आणि मोजताना पाच टक्के चूक झाली, तर लॉस ९४.५ वॅट येतील आणि एफिशियन्सी ९४.४२ टक्के. चूक पाव टक्क्याची. ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्टचं सगळं बळ यात आहे. खाली २ केव्हीए, २३०/११५ व्होल्ट, ५० हर्ट्झच्या सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण हिशेब केला आहे. त्याचा रेटेड करंट २३० व्होल्टच्या (एचव्ही) बाजूला ८.७ अँपिअर आणि ११५ व्होल्टच्या (एलव्ही) बाजूला १७.४ अँपिअर.

आधी डीसी रेझिस्टन्स

बहुतेक जर्नलमध्ये ही पायरी नसते, पण ती पहिली करावी. ट्रान्सफॉर्मर काही तास बंद असेल तर वाइंडिंगचं तापमान खोलीच्या तापमानाइतकंच असतं. पुढे कॉपर लॉस गरम अवस्थेत न्यायचा आहे, तेव्हा हा आकडा लागतो.

मल्टिमीटर इथे निरुपयोगी आहे. त्याच्या लीड्सचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम भरतो आणि आपल्याला मोजायचाय ०.०९ ओहम. त्याऐवजी डीसी सप्लायवरून एक-दीड अँपिअर करंट सोडा आणि ड्रॉप मिलिव्होल्टमीटरने मोजा. व्होल्टमीटरच्या तारा करंटच्या क्लिपला न लावता थेट ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलला लावा, नाहीतर क्लिपचा काँटॅक्ट रेझिस्टन्सही हिशेबात येतो. वाइंडिंगला इंडक्टन्स असल्यामुळे करंट स्थिर व्हायला वेळ लागतो. काटा थांबल्याशिवाय रीडिंग लिहू नका. करंट तोडण्याआधी व्होल्टमीटर काढून घ्या, कारण तोडताना उसळणारं व्होल्टेज नाजूक मीटर खराब करू शकतं.

आपल्या ट्रान्सफॉर्मरला ३० अंश सेल्सिअसला एचव्ही बाजूचा ०.३८ ओहम आणि एलव्हीचा ०.०९३२ ओहम मिळाला असं धरू. टर्न्स रेशो २ आहे, म्हणून एलव्हीचा रेझिस्टन्स एचव्ही बाजूला आणताना ४ ने गुणायचा: ०.३७३. बेरीज ०.७५३ ओहम.

डीसीमुळे कोअरमध्ये अवशिष्ट चुंबकत्व उरतं. म्हणून ओपन सर्किट टेस्टच्या सुरुवातीला व्हेरिॲक एकदा रेटेड व्होल्टेजपर्यंत नेऊन सावकाश शून्यावर आणा, आणि मग खरी रीडिंग सुरू करा.

ओपन सर्किट टेस्ट

एलव्ही बाजूला ११५ व्होल्ट द्यायचे आणि एचव्ही उघडी ठेवायची. उघड्या बाजूला २३० व्होल्ट जिवंत असतात, तेव्हा ती टर्मिनल झाकलेली हवीत. एलव्ही बाजू निवडण्याचं कारण साधं आहे: कमी व्होल्टेज सांभाळायला सोपं असतं, आणि नो-लोड करंट या बाजूला दुप्पट असल्यामुळे नीट वाचता येतो. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सवयीने व्हेरिॲक २३० वर नेणं. एलव्हीला दुप्पट व्होल्टेज म्हणजे कोअरमध्ये दुप्पट फ्लक्स. कोअर पार सॅच्युरेट होतं आणि मॅग्नेटायझिंग करंट कित्येक पटीने चढतो. फ्यूज उडाला तर नशीब.

वॅटमीटर एलपीएफ, म्हणजे लो पॉवर फॅक्टरचा, घ्या. १५० व्होल्ट, २.५ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.२ आणि स्केलवर १५० भाग असतील, तर मल्टिप्लायिंग फॅक्टर १५० × २.५ × ०.२ ÷ १५० = ०.५. ३० वॅटला काटा ६० भागांवर जाईल. त्याच रेंजच्या यूपीएफ, म्हणजे युनिटी पॉवर फॅक्टरच्या, मीटरवर फॅक्टर २.५ असल्याने तो १२ भागांवरच थांबतो. वाचताना अर्धा भाग इकडेतिकडे झाला, तर पहिल्यात पाव वॅट जातो आणि दुसऱ्यात सव्वा वॅट.

आता जोडणीतली एक बारीक गोष्ट. वॅटमीटरची प्रेशर कॉइल करंट कॉइलच्या आधी, म्हणजे सप्लायच्या बाजूला जोडायची. ती ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जोडली, तर तिचा स्वतःचा करंट करंट कॉइलमधून जातो आणि तिचे वॅट आपल्या रीडिंगमध्ये मिसळतात. प्रेशर कॉइलचा रेझिस्टन्स १० किलोओहम असेल तर ११५ व्होल्टला ते १.३ वॅट होतात, म्हणजे ३० वॅटवर चार टक्क्यांहून जास्त. मूव्हिंग आयर्न व्होल्टमीटरही स्वतः काही वॅट खातो, म्हणून तोही सप्लायच्या बाजूलाच. उरते ती करंट कॉइलमधली I²R चूक, पण करंटच इतका कमी असतो की ती सोडून देता येते.

रीडिंग अशी आली: ११५ व्होल्ट, ०.९ अँपिअर, ३० वॅट.

कोअर लॉसची शाखा: Rc = ११५² ÷ ३० = ४४१ ओहम. करंटचा कोअर लॉसचा भाग Ic = ३० ÷ ११५ = ०.२६१ अँपिअर, आणि मॅग्नेटायझिंग भाग Im = √(०.९² − ०.२६१²) = ०.८६१ अँपिअर. म्हणून Xm = ११५ ÷ ०.८६१ = १३३.५ ओहम. इथला पॉवर फॅक्टर ३० ÷ १०३.५ = ०.२९, एलपीएफ मीटर हवा होता तो याचमुळे.

या ३० वॅटमध्ये थोडा कॉपर लॉसही आहे: ०.९² × ०.०९३२ = ०.०७५ वॅट. विसरून जा. पण व्होल्टेज ११५ ऐवजी ११० असेल तर मात्र विसरू नका. कोअर लॉस साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ३० ऐवजी २७.४ वॅट दिसतील. शिवाय Xm कोअरच्या मॅग्नेटायझेशनच्या वाकलेल्या रेषेवर अवलंबून असल्याने तो गणिताने दुरुस्तही करता येत नाही. रीडिंग पुन्हा घ्यावी लागते.

शॉर्ट सर्किट टेस्ट

एलव्ही शॉर्ट करायची आणि एचव्ही बाजूने रेटेड करंट ८.७ अँपिअर वाहेल इतकंच व्होल्टेज द्यायचं. या ट्रान्सफॉर्मरला ते फक्त ९.२ व्होल्ट लागतं. सप्लाय सुरू करण्याआधी व्हेरिॲक शून्यावर आहे ना, हे स्वतः हात लावून बघा. डायलवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. साधारण एका व्होल्टला एक अँपिअर वाढतो, त्यामुळे २७० व्होल्टपर्यंतच्या व्हेरिॲकची मूठ जरा फिरली की करंट रेटेडच्या वर जातो. मधे २३०/२४ व्होल्टचा, १० अँपिअर झेपेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घातला तर हाताला वाव मिळतो.

इथे वॅटमीटर यूपीएफ घ्यायचा, हे सगळे पाठ म्हणतात. या टेस्टमध्ये पॉवर फॅक्टर ०.७५ च्या आसपास असल्याने नियम बरोबर वाटतो. पण ७५ व्होल्ट, १० अँपिअर, १५० भागांच्या यूपीएफ मीटरचा फॅक्टर ५ असतो आणि ६० वॅटला काटा १२ भागांवर येतो. त्याच रेंजच्या ०.२ पॉवर फॅक्टरच्या मीटरवर फॅक्टर १ होतो आणि काटा ६० वर जातो. करंट आणि व्होल्टेज दोन्ही कॉइलच्या मर्यादेत असतील आणि काटा स्केलबाहेर जात नसेल, तर एलपीएफ मीटर इथेही बिनधास्त वापरा. मीटर निवडताना त्यावरच्या अक्षरांपेक्षा काटा कुठे थांबेल हे आधी काढून बघणं जास्त उपयोगाचं.

प्रेशर कॉइलची जागा आता उलटते. ती करंट कॉइलनंतर, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जोडा. करंट मोठा असल्याने करंट कॉइलमधला ड्रॉप ९.२ व्होल्टमध्ये मिसळणं परवडत नाही, आणि प्रेशर कॉइलचा स्वतःचा लॉस एवढ्याशा व्होल्टेजला एक शतांश वॅटही होत नाही.

निष्काळजीपणा सगळ्यात जास्त होतो तो शॉर्ट करण्याच्या तारेत. हाताशी असलेली १.५ चौरस मिलिमीटरची एक मीटर तार लावली, तर तिचा रेझिस्टन्स ०.०११५ ओहम. १७.४ अँपिअरला तीच साडेतीन वॅट जाळते, म्हणजे कॉपर लॉस जवळजवळ सहा टक्के जास्त दिसतो. त्या बाजूला ॲमीटर घातला तर आणखी भर. जाड आणि आखूड तार किंवा तांब्याची पट्टी घट्ट आवळा, आणि करंट फक्त एचव्ही बाजूलाच मोजा.

रीडिंग पटकन घ्या, कारण वाइंडिंग तापू लागलं की वॅट चढत जातात. आपली रीडिंग: ९.२ व्होल्ट, ८.७ अँपिअर, ६० वॅट.

Zeq = ९.२ ÷ ८.७ = १.०५७ ओहम. Req = ६० ÷ ८.७² = ०.७९३ ओहम. Xeq = √(१.०५७² − ०.७९३²) = ०.७० ओहम. लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये Req हा Xeq पेक्षा जास्त निघणं नेहमीचं आहे. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये हे नातं उलटं होतं.

या टेस्टमध्ये कोअर लॉस का धरत नाहीत, याचं उत्तरही आकड्यातच आहे. ९.२ व्होल्ट म्हणजे २३० च्या चार टक्के. वर्ग केला की ०.१६ टक्के. ३० वॅटचे ०.१६ टक्के म्हणजे ०.०५ वॅट.

करंट ८.७ पर्यंत न नेता ८.२ वर थांबलात, तर वॅट ५३.३ येतील. तेच फुल लोडचे म्हणून लिहिले की कॉपर लॉस ११ टक्के कमी पडला. अशा वेळी (८.७ ÷ ८.२)² ने गुणून घ्या.

दोन्ही शाखा एका बाजूला

ओपन सर्किट टेस्टमधले Rc आणि Xm एलव्ही बाजूचे आहेत, तर Req आणि Xeq एचव्हीचे. सर्किट एचव्ही बाजूला काढायचं तर Rc = ४४१ × ४ = १७६३ ओहम आणि Xm = १३३.५ × ४ = ५३४ ओहम. समांतर शाखा सप्लायजवळ काढा आणि पुढे Req, Xeq सिरीजमध्ये. समांतर शाखा खरं तर दोन वाइंडिंगच्या मधे असते. ती पुढे सरकवता येते, कारण नो-लोड करंट पूर्ण करंटच्या पाच टक्केच आहे आणि त्याने प्रायमरीत होणारा ड्रॉप किरकोळ आहे.

या टप्प्यावर तीन पडताळण्या करा. पहिली, तयार सर्किटमधून कोअर लॉस परत काढा: २३०² ÷ १७६३ = ३० वॅट. ४ ने गुणायचं राहून गेलं असेल तर २३०² ÷ ४४१ = १२० वॅट येतात आणि चूक लगेच पकडली जाते. दुसरी, कुठल्याही टेस्टमध्ये वॅट हे व्होल्ट गुणिले अँपिअरपेक्षा जास्त असू शकत नाहीत; आले तर मल्टिप्लायिंग फॅक्टर चुकला आहे. तिसरी, Req (०.७९३) हा डीसी बेरजेपेक्षा (०.७५३) थोडा जास्तच असायला हवा. कमी आला तर मीटर किंवा तापमान तपासा, खूप जास्त आला तर शॉर्टची तार.

या तिसऱ्या पडताळणीतला फरक फुकट जात नाही. डीसी रेझिस्टन्सने होणारा लॉस ०.७५३ × ८.७² = ५७ वॅट. उरलेले ३ वॅट स्ट्रे लॉस आहेत, म्हणजे गळतीच्या फ्लक्समुळे तारेत आणि आसपासच्या धातूत होणारे एडी करंटचे.

थंड आकडा, गरम ट्रान्सफॉर्मर

टेस्ट ३० अंशाला झाली, पण ट्रान्सफॉर्मर लोडवर तितका थंड राहत नाही. म्हणून कॉपर लॉस सहसा ७५ अंशाला नेतात. तांब्यासाठी गुणक (२३५ + ७५) ÷ (२३५ + ३०) = १.१७, ॲल्युमिनियमचं वाइंडिंग असेल तर २३५ च्या जागी २२५.

बरेच जण ६० ला सरळ १.१७ ने गुणतात. हे अर्धवट आहे. रेझिस्टन्स वाढला की I²R वाढतो, पण एडी करंट कमी होतात, म्हणून स्ट्रे भागाला १.१७ ने भागायचं. ५७ × १.१७ = ६६.७ आणि ३ ÷ १.१७ = २.६. एकूण ६९.२ वॅट. आपल्याकडे स्ट्रे भाग लहान असल्याने फरक एक वॅटचा पडतो, पण जाड पट्ट्यांच्या वाइंडिंगमध्ये तो बराच होऊ शकतो.

एफिशियन्सी

लोड रेटेडच्या x पट असेल तर:

```
η = x·S·cosφ / (x·S·cosφ + Pi + x²·Pcu)
```

इथे S म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधलं रेटिंग, Pi कोअर लॉस आणि Pcu फुल लोडचा कॉपर लॉस. x हा करंटचा (म्हणजे केव्हीएचा) भाग आहे, किलोवॅटचा नाही. अर्ध्या लोडला कॉपर लॉस अर्धा होत नाही, पाव होतो. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

आधी थंड आकडे वापरू. फुल लोड, पॉवर फॅक्टर ०.८: आउटपुट १६००, लॉस ३० + ६० = ९०, एफिशियन्सी ९४.६७ टक्के. अर्धा लोड, तोच पॉवर फॅक्टर: आउटपुट ८००, लॉस ३० + १५ = ४५, एफिशियन्सी पुन्हा ९४.६७ टक्के. हा योगायोग नाही. कोअर लॉस आणि कॉपर लॉस सारखे होतात तिथे एफिशियन्सी सर्वाधिक असते, म्हणजे x = √(३० ÷ ६०) = ०.७०७ ला. आणि ज्या दोन लोडचा गुणाकार या x च्या वर्गाइतका, इथे ०.५, होतो त्या दोन्हींना एफिशियन्सी एकच येते. १ आणि ०.५ ही तशीच जोडी आहे. गणित तपासायला ही युक्ती फार कामाची. ०.७०७ लोडला आउटपुट ११३१, लॉस ६०, एफिशियन्सी ९४.९६ टक्के. बघा, वक्र माथ्याशी किती सपाट आहे: अर्ध्या लोडपासून पूर्ण लोडपर्यंत सगळा चढउतार ०.३ टक्क्यांत.

आता ७५ अंशाचा कॉपर लॉस घाला. फुल लोडला लॉस ९९.२ वॅट, एफिशियन्सी ९४.१६ टक्के. माथाही सरकतो: x = √(३० ÷ ६९.२) = ०.६६. एफिशियन्सीचा आकडा देताना तापमान आणि पॉवर फॅक्टर सोबत लिहा. पॉवर फॅक्टर ०.६ असेल तर लॉस तेच राहतात पण आउटपुट १२०० वर येतं, आणि थंड आकड्यांवरही एफिशियन्सी ९३ टक्के होते.

दिवसभराचा हिशेब

कोअर लॉस लोडकडे बघत नाही. सप्लाय चालू आहे तोवर ते ३० वॅट जातातच. समजा दिवसात ६ तास फुल लोड, ८ तास अर्धा लोड (दोन्ही ०.८ पॉवर फॅक्टरला) आणि १० तास नो-लोड. आउटपुट ९६०० + ६४०० = १६,००० वॅट-तास. कोअर लॉस ३० × २४ = ७२० वॅट-तास, कॉपर लॉस ६० × ६ + १५ × ८ = ४८० वॅट-तास. ऑल-डे एफिशियन्सी १६,००० ÷ १७,२०० = ९३.०२ टक्के.

याच रेटिंगचा दुसरा ट्रान्सफॉर्मर घेऊ, ज्याचा कोअर लॉस २० वॅट आणि कॉपर लॉस ८० वॅट आहे. फुल लोडला त्याचे लॉस १०० वॅट, एफिशियन्सी ९४.१२ टक्के, पहिल्यापेक्षा कमी. पण वरच्याच दिनक्रमात त्याचा कोअर लॉस ४८० आणि कॉपर लॉस ६४० वॅट-तास होतो, एकूण ११२०. ऑल-डे एफिशियन्सी ९३.४६ टक्के. दिवसातला बराच वेळ हलक्या लोडवर राहणाऱ्या डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरमध्ये कोअर लॉस कमी ठेवून कॉपर लॉस थोडा जास्त चालवून घेतात, तो याच हिशेबामुळे.